ईसॉपचा खर्च तीन वर्षांत सारखा वाटला, ऑडिटरने खोडला. चुकलं कुठे?

समुद्रगाज · 9 मे 2025, रात्री 10.40

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ कोळंबी गोठवून निर्यात करणाऱ्या एका कंपनीत मी हिशेब बघते. आमची मूळ कंपनी मुंबईची, लिस्टेड आहे, त्यामुळे आकाराने लहान असूनही आम्हाला इंड एएस ही लेखा मानकं लागू आहेत. गेल्या वर्षी साहेबांनी 40 कायम कर्मचाऱ्यांना ईसॉप दिले, म्हणजे आमच्याच कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या किमतीत घ्यायचे ऑप्शन. त्यात प्लांटचे सुपरवायझर, क्वालिटीवाले, अमोनिया प्लांट सांभाळणारे ऑपरेटर आणि ऑफिसातले आम्ही, असे सगळे आलो. ऑडिट सुरू आहे आणि मी या एका नोंदीत अडकले आहे.

योजना अशी. 1 एप्रिल 2024 ला प्रत्येकाला 300 ऑप्शन दिले, म्हणजे एकूण 12,000. त्यातले 100 एक वर्षाने, 1 एप्रिल 2025 ला हक्काचे होणार, 100 दोन वर्षांनी आणि 100 तीन वर्षांनी. नोकरीत असायला हवं, बाकी काही अट नाही. ऑप्शन वापरताना शेअरमागे ₹100 भरायचे. ग्रँटच्या वेळी शेअरची किंमत व्हॅल्युअरने ₹130 काढली आणि एका ऑप्शनची फेअर व्हॅल्यू साधारण ₹60.

मी सरळ हिशेब केला. 12,000 गुणिले 60 म्हणजे 7,20,000. तीन वर्षं, तर दर वर्षी 2,40,000 खर्च. ऑडिटरने ते खोडून पहिल्या वर्षाचा खर्च 4,12,000 लिहिला. म्हणजे माझा नफा 1,72,000 ने खाली! आणि म्हणतात, पुढच्या वर्षी खर्च कमी होईल, तिसऱ्या वर्षी आणखी कमी. माणसं तीच, काम तेच, मग पहिल्याच वर्षी एवढा बोजा कशाला? विचारलं तर "ग्रेडेड आहे ना मॅडम" एवढंच बोलून ते दुसऱ्या फायलीकडे वळले. कुणी नीट समजावून सांगेल का?

देवगडकर · 9 मे, रात्री 11.15

ताई, माझ्या मते तुमचंही चुकलं आणि ऑडिटरचंही. कर्मचारी ऑप्शन वापरतो तेव्हाच खरा व्यवहार होतो. तोवर त्याने शेअर घेतलाच नाही, तर खर्च कसला? आमच्याकडे एका जणाने ऑप्शन वापरले तेव्हाच कंपनीने टीडीएस कापला, त्याआधी पगारपत्रकात अक्षरही नव्हतं. बाजारभाव आणि त्याने भरलेली रक्कम यातला फरक त्या दिवशी उत्पन्न म्हणून धरला. त्याच दिवशी कंपनीचा खर्च, असं साधं आहे ते.

त्रैराशिक · 10 मे, सकाळी 7.05

मी इंजिनिअर, हिशेबतपासनीस नाही. पण मला ताईंचं त्रैराशिक बरोबर वाटतं. तीन वर्षांच्या नोकरीसाठी 300 ऑप्शन, म्हणजे वर्षाला 100. एका वर्षात 100 च हक्काचे झाले ना? मग 100 चाच खर्च. ऑडिटरचा आकडा आला तरी कुठून, 4,12,000?

खातेवही · 10 मे, सकाळी 9.30

समुद्रगाज, ऑडिटर बरोबर आहेत, फक्त त्यांनी समजावण्याचा आळस केला. मी चिपळूणचा, 30 वर्षं ऑडिट केलं, आता निवृत्त आहे. सावकाश सांगतो.

आधी देवगडकरांचं. तुम्ही सांगितलेला टीडीएस खरा आहे, पण तो कर्मचाऱ्याच्या करापुरता. त्याच्या हातात शेअर आला, स्वस्तात आला, म्हणून त्या दिवशी त्याच्यावर कर. कंपनीच्या वहीत प्रश्न वेगळा आहे: माणसाचं काम कंपनीला कधी मिळालं? ते मिळालं ग्रँटपासून हक्क पक्का होईपर्यंतच्या काळात. म्हणून खर्चही त्याच काळात पसरायचा. किंमतही ग्रँटच्या दिवशीची धरायची आणि ती तिथेच गोठवायची. पुढे शेअर ₹300 झाला तर कर्मचाऱ्याचा कर वाढेल, पण कंपनीच्या वहीतला ऑप्शन ₹60 चाच राहील.

आता मुद्द्यावर. समजा बागायतदाराने राखणदाराला सांगितलं, "या वर्षअखेरीस राहिलास तर एक पेटी, दुसऱ्या वर्षअखेरीस राहिलास तर आणखी एक, तिसऱ्या वर्षअखेरीस राहिलास तर तिसरी." पहिली पेटी एका वर्षाच्या राखणीने मिळते. दुसरी मिळवायला किती वर्षं राखण करावी लागते? दोन, आणि त्यातलं पहिलं वर्ष हेच, चालू असलेलं. तिसरीला तीन वर्षं, त्यातलंही पहिलं हेच. म्हणजे पहिल्या वर्षी माणूस एकाच वेळी तीन पेट्यांसाठी राबतो, दुसऱ्या वर्षी दोन पेट्यांसाठी आणि तिसऱ्या वर्षी फक्त शेवटच्या पेटीसाठी.

म्हणून इंड एएस 102 मध्ये तुमच्या 12,000 ऑप्शनचे तीन वेगळे ग्रँट समजायचे, प्रत्येकी 4,000 चे. प्रत्येकाची किंमत 2,40,000. पहिल्या भागाचे 2,40,000 पूर्ण पहिल्या वर्षात. दुसऱ्याचे दोन वर्षांत 1,20,000 आणि 1,20,000. तिसऱ्याचे तीन वर्षांत 80,000 प्रमाणे. उभी बेरीज करा: पहिलं वर्ष 4,40,000, दुसरं 2,00,000, तिसरं 80,000. एकूण तेच 7,20,000.

त्रैराशिक, तुमच्या पद्धतीची परीक्षा अशी घ्या. पहिल्या वर्षाअखेरीस वहीत 2,40,000 आहेत. पहिला भाग पूर्ण कमावून झाला, त्याचेच 2,40,000 होतात. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या भागासाठी वहीत किती आहे? शून्य. पण दुसऱ्या भागासाठी लागणाऱ्या दोन वर्षांतलं एक वर्ष तर माणसांनी काम करून दिलेलं आहे. ते काम वहीत कुठेच दिसत नाही.

त्रैराशिक · 10 मे, सकाळी 10.10

हे शून्यवालं पटलं. मी 300 ला एकच आश्वासन समजत होतो. पण मग ऑडिटरचे 4,12,000 आणि तुमचे 4,40,000, हा 28,000 चा फरक?

खातेवही · 10 मे, सकाळी 10.45

तो नोकरी सोडणाऱ्यांचा असणार. ताई, कंपनीने किती जण सोडून जातील असा अंदाज दिला होता?

समुद्रगाज · 10 मे, दुपारी 1.20

हो, एचआरने दिला होता! पहिल्या वर्षात कुणीच गेलं नाही. दुसऱ्या वर्षात 4 जातील आणि तिसऱ्या वर्षाअखेरपर्यंत एकूण 8, असा अंदाज. मी तो फायलीत लावला आणि विसरले. मला वाटलं, जातील तेव्हा बघू.

खातेवही · 10 मे, दुपारी 2.00

मग झालं. पहिला भाग 40 जणांचा पक्का: 2,40,000. दुसरा 36 जणांचा धरायचा: 3,600 गुणिले 60, त्याचा अर्धा, 1,08,000. तिसरा 32 जणांचा: 3,200 गुणिले 60, त्याचा तिसरा हिस्सा, 64,000. बेरीज 4,12,000. तुमच्या ऑडिटरने बरोब्बर हेच केलं आहे.

"जातील तेव्हा बघू" हे इथे चालत नाही. दर ताळेबंदाच्या दिवशी नव्याने अंदाज करायचा, त्यावर आजपर्यंतचा एकूण खर्च काढायचा आणि आधी नोंदलेला वजा करायचा. उरेल तो त्या वर्षाचा. शेवटी अंदाज संपतो आणि खरी माणसं मोजली जातात, तेव्हा चूक आपोआप सुधारलेली असते. त्यामुळे अंदाज थोडा हुकला तर घाबरू नका. पण तो मुद्दाम फुगवून पहिल्या वर्षाचा खर्च दाबू नका. तो पुढच्या वर्षी बाहेर येतोच आणि तेव्हा उत्तर द्यावं लागतं.

आणखी एक. तुम्ही सरसकट ₹60 धरलेत. व्हॅल्युअरच्या अहवालात तीन भागांच्या तीन किमती असतील, कारण उशिरा हक्काचा होणारा ऑप्शन जास्त काळ हातात राहतो आणि सहसा थोडा महाग निघतो. वहीत त्या तीन वेगळ्या किमती घ्या.

समुद्रगाज · 10 मे, दुपारी 2.25

आहेत, 57, 60 आणि 63. इथे सोपं जावं म्हणून मी सरासरी दिली. पुढेही 60 च धरून बोलू.

माड_पोफळी · 10 मे, दुपारी 4.50

ईसॉपचा धागा दिसला म्हणून विचारतो. मी पुण्यातल्या एका आयटी कंपनीत आहे, सध्या गुहागरला घरून काम करतो. माझे 800 ऑप्शन आहेत, 500 व्हेस्ट झालेत. पुढच्या महिन्यात राजीनामा द्यायचा विचार आहे. हे 500 मला सोडावे लागतील का? आणि तुम्ही म्हणता तो खर्च माझ्या पगारातून कापतात का? सीटीसीत ईसॉपची ओळ आहे म्हणून भीती वाटली.

खातेवही · 10 मे, संध्याकाळी 6.15

पगारातून काही कापत नाहीत. हा खर्च कंपनीच्या नफा-तोट्यात जातो. सीटीसीतली ओळ म्हणजे कंपनीने तुम्हाला दाखवलेली किंमत, तिचा या नोंदीशी थेट संबंध नाही. 500 तुमच्या हक्काचे झालेत, पण सोडल्यावर किती दिवसांत वापरायचे ते तुमच्या ग्रँट लेटरमध्ये असतं. बऱ्याच योजनांत 90 दिवस असतात. ते पत्र काढून वाचा आणि मगच राजीनामा द्या. वापरताना भरायची रक्कम आणि त्या दिवशीचा टीडीएस, दोन्ही हाताशी ठेवा. शेअर लिस्टेड नसेल तर पैसे अडकतात आणि विकायला गिऱ्हाईक नसतं, हे ध्यानात असू द्या.

वेंगुर्लेकरीण · 10 मे, रात्री 8.30

माझी आवस वीस वर्सा फॅक्टरीत कोळंबी सोलता. तिका ह्यातला काय गावता काय? बर्फाच्या पाण्यात हात घालून बोटां सुन्न होतत. सुपरवायझराक शेअर आणि सोलणाऱ्या बायकांक काय नाय?

समुद्रगाज · 10 मे, रात्री 9.10

वेंगुर्लेकरीण, मला याचं उत्तर देताना वाईट वाटतं. आमच्याकडेही सोलणाऱ्या बायका कंत्राटदाराकडून येतात, किलोवर मजुरी. आमची योजना कंपनी कायद्याच्या नियमांप्रमाणे आहे आणि तिथे कायम कर्मचारीच येतात. मी साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, कंत्राटदाराची माणसं यात बसत नाहीत. ज्यांच्या हातांवर प्लांट चालतो त्यांचं नाव यादीत नाही, हे मला रोज दिसतं.

खातेवही · 10 मे, रात्री 9.40

नियम 12 कायम कर्मचाऱ्यांचाच आहे, ते बरोबर. ग्रँट आणि पहिलं व्हेस्टिंग यात किमान एक वर्ष असावं हेही तिथेच आहे. तुमच्याकडे 1 एप्रिल ते 1 एप्रिल आहे, म्हणजे ते बसतं. कुणी 31 मार्च लिहिलं असतं तर एक दिवस कमी पडला असता. अशी चूक मी प्रत्यक्ष पाहिली आहे.

देवगडकर · 11 मे, सकाळी 8.00

ठीक, खर्चाची वेळ समजली. पण माझा मूळ प्रश्न राहिलाच. पैसे कुठे गेले? तिजोरीतून दमडी गेली नाही आणि नफा चार लाखांनी कमी. मालकाने कर्मचाऱ्यांचं भलं केलं आणि वर त्याच्याच नफ्याला कात्री.

समुद्रगाज · 11 मे, सकाळी 8.20

साहेबांचाही हाच प्रश्न आहे, जवळजवळ याच शब्दांत.

खातेवही · 11 मे, सकाळी 10.00

पैसे गेले नाहीत हे खरं. म्हणून तर नोंदीची दुसरी बाजू बँकेत जात नाही आणि देण्यांतही जात नाही. कर्मचारी खर्च नावे, शेअर ऑप्शन राखीव जमा. हे राखीव भागधारकांच्या निधीतच बसतं. नफा 4,12,000 ने उतरतो आणि राखीव तेवढंच चढतं, नेटवर्थ जागच्या जागी.

मग दिलं काय? साहेबांनी आपल्या मालकीचा तुकडा दिला. हेच ऑप्शन बाहेरच्या कुणाला ₹60 ला विकून त्या पैशातून पगारवाढ दिली असती, तर पगार खर्चात धरायला कुणी हरकत घेतली नसती. मधली विक्री गाळली म्हणून पगार फुकट होत नाही.

ऑप्शन वापरल्यावर कसं दिसतं ते बघा. कर्मचारी ₹100 भरतो, राखिवातले ₹60 निघतात, मिळून 160. शेअरची दर्शनी किंमत ₹10 असेल तर 10 भांडवलात आणि 150 सिक्युरिटीज प्रीमियममध्ये. म्हणजे त्याने शेअरसाठी 100 रोख आणि 60 चं काम दिलं. साहेबांना हा 160 चा आकडा दाखवा. माझ्या एका जुन्या अशिलाला तो बघूनच पटलं होतं.

त्रैराशिक · 11 मे, दुपारी 12.30

एक शंका. माझी बहीण अमेरिकन कंपनीच्या फायनान्समध्ये आहे. ती म्हणते, त्यांच्याकडे अशा टप्प्याटप्प्याच्या ऑप्शनचा खर्च सरळ सारखा वाटतात आणि ते नियमात बसतं. मग समुद्रगाज ताई तिकडे बरोबर आणि इकडे चूक?

खातेवही · 11 मे, दुपारी 3.10

तुमच्या बहिणीचं बरोबर आहे. अमेरिकेच्या नियमांत फक्त नोकरीची अट असेल तर कंपनीला निवड आहे: तुकडे पाडा किंवा सगळ्याला एकच ग्रँट समजून सारखं वाटा. अट एवढीच की कुठल्याही दिवशी वहीतला एकूण खर्च तोवर हक्काच्या झालेल्या भागापेक्षा कमी नको. आयएफआरएस ही आंतरराष्ट्रीय मानकं आणि आपलं इंड एएस, दोन्हींत ती निवड नाही. अनेक वर्षं यावर वाद आहे. कंपन्या म्हणतात, माणूस पहिल्या वर्षी तिप्पट काम करत नाही. मला दुसरी बाजू पटते, पण तुमच्या बहिणीच्या बाजूला मूर्ख म्हणता येणार नाही.

समुद्रगाज · 11 मे, रात्री 9.55

4,12,000 ची नोंद केली. साहेबांना 160 चं उदाहरण दिलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बरं, लिही." खातेवही काका, मनापासून आभार.

---

समुद्रगाज · 6 मे 2026, रात्री 10.15

धागा वर काढते आहे. एक वर्ष गेलं आणि प्रश्न नवे आहेत.

हे वर्ष आम्हाला जड गेलं. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं आणि आमची निम्मी ऑर्डर तिकडची होती. कोल्ड स्टोरेज भरलेलं, कंटेनर हलत नव्हते. व्हॅल्युअरने आता शेअर ₹95 चा काढला. म्हणजे ₹100 भरून ₹95 चा शेअर कोण घेणार? ऑप्शन सध्या तरी कागदच. अंदाज होता 4 जण जातील, गेले 6, म्हणजे 34 उरले. एचआर म्हणते पुढच्या वर्षी आणखी 4 जातील.

जे 6 जण गेले त्यांच्यापैकी चौघांनी पहिल्या वर्षाचे 100-100 ऑप्शन आधीच, भाव बरा असताना वापरले होते. दोघांनी वापरले नाहीत, तीन महिने उलटले आणि ते 200 ऑप्शन रद्द झाले. 200 गुणिले 60 म्हणजे 12,000. मी तो खर्च उलटवला. शिवाय शेअर पडला म्हणून बाकीचा खर्चही कमी करायचं साहेबांचं म्हणणं आहे. बरोबर आहे ना?

देवगडकर · 6 मे 2026, रात्री 10.50

12,000 उलटवणं तर बरोबरच वाटतं. शेअर दिलाच नाही, तर खर्च राहील कसा? सोडून जाणाऱ्यांचा खर्च कमी करायचा हे खातेवहींनीच गेल्या वर्षी सांगितलं होतं.

खातेवही · 7 मे 2026, सकाळी 9.15

देवगडकर, मी सांगितलं ते हक्क पक्का होण्याआधी जाणाऱ्यांबद्दल. इथे दोन गोष्टी एकसारख्या दिसतात आणि तिथेच बहुतेक जण घसरतात.

ते सहा जण दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाचा हक्क मिळण्याआधीच गेले. त्यांनी मागितलेलं काम पूर्ण केलं नाही, म्हणून त्या भागांत त्यांची मोजणी शून्य आणि आधी धरलेला खर्च परत येतो. पण पहिल्या भागाचं काम त्या दोघांनी पूर्ण वर्षभर केलं. कंपनीला ते मिळालं आणि वापरून झालं. नंतर त्यांनी ऑप्शन वापरला नाही, हा त्यांचा निर्णय. त्यामुळे कंपनीला मिळालेलं काम नाहीसं होत नाही. ते 12,000 नफा-तोट्यात परत आणायचे नाहीत. हवं तर शेअर ऑप्शन राखिवातून जनरल रिझर्व्हमध्ये हलवा, म्हणजे निधीच्या आतल्या आत. तुमची उलट नोंद रद्द करा.

शेअर ₹95 झाल्याने काही बदलत नाही. किंमत 1 एप्रिल 2024 ला गोठली. वाढला असता तर खर्च वाढवला नसता, तसा पडला म्हणून कमीही करायचा नाही.

आता या वर्षाचा आकडा. दुसरा भाग, खरी माणसं 34: 3,400 गुणिले 60, म्हणजे 2,04,000. गेल्या वर्षी 1,08,000 झाले, उरले 96,000. तिसरा भाग, अंदाज 30 जण: 3,000 गुणिले 60, त्याचे दोन तृतीयांश 1,20,000, वजा गेल्या वर्षीचे 64,000, म्हणजे 56,000. या वर्षाचा खर्च 1,52,000.

त्रैराशिक · 7 मे 2026, सकाळी 9.50

दुसऱ्या भागात 36 चे 34 झाले, तरी खर्च 96,000 चा निघाला. म्हणजे वजाबाकी एकूण रकमेवर होते, वर्षाच्या हप्त्यावर नाही. कुणी हप्ताच 34 जणांचा, 1,02,000 धरला तर?

खातेवही · 7 मे 2026, सकाळी 10.05

तर दोन वर्षांत 2,10,000 होतील आणि 34 जणांचे हवेत 2,04,000. गेल्या वर्षी दोन माणसांचा जास्त धरलेला 6,000 तसाच अडकून राहील. आकडा ओळखायची हीच खूण: व्हेस्टिंगच्या दिवशी एकूण खर्च भागिले 60 केलं की हातातल्या ऑप्शनांची संख्या यायला हवी. आली नाही तर कुठेतरी हप्ता धरला गेला आहे.

समुद्रगाज · 7 मे 2026, रात्री 9.30

उलट नोंद काढली. ताळा जमला, 3,400 च येतात.

पण आज साहेब वेगळंच म्हणाले. "या कागदाचा कुणाला उपयोग नाही, वर खर्च लागतोय. योजनाच रद्द करून टाकू, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा खर्च वाचेल." मला ते सोपं वाटलं, म्हणून विचारते.

खातेवही · 8 मे 2026, सकाळी 8.40

वाचणार नाही, उलट लगेच अंगावर येईल. कंपनीने स्वतः योजना रद्द केली तर उरलेला काळ संपला असं समजतात आणि पुढे पसरायचा खर्च त्याच दिवशी एकदम नोंदवावा लागतो. नाहीतर ज्या कंपनीचा शेअर पडला ती प्रत्येक कंपनी योजना मोडून खर्च टाळत बसली असती.

रद्द करण्यापेक्षा साहेबांना माणसं टिकवायची असतील तर भरायची किंमत ₹100 वरून खाली आणता येते, भागधारकांच्या मंजुरीने. मग बदलाच्या दिवशी नव्या आणि जुन्या अटींवर ऑप्शनची किंमत काढायची आणि जेवढी वाढ झाली तेवढा जादा खर्च. ज्यांचं व्हेस्टिंग बाकी आहे त्यांचा तो उरलेल्या महिन्यांत पसरतो, ज्यांचं झालंय त्यांचा लगेच. जुना 60 चा खर्च मात्र तसाच चालू राहतो, तो कमी होत नाही.

त्रैराशिक · 8 मे 2026, सकाळी 11.20

रद्द केल्यास एकदम किती? वहीत तिसऱ्या भागाचे 1,20,000 आहेत. 30 जणांचा अंदाज धरला तर एकूण 1,80,000, म्हणजे 60,000. पण रद्द करण्याच्या दिवशी नोकरीत 34 आहेत आणि रद्द तर सगळ्यांचेच होणार. 34 जणांचे 2,04,000, म्हणजे 84,000. यातलं कुठलं?

खातेवही · 8 मे 2026, दुपारी 1.00

चांगलं पकडलंत. यावर मी दोन्ही बाजूंचे ऑडिटर पाहिले आहेत. मानकात लिहिलं आहे की उरलेल्या काळात जो खर्च नोंदला गेला असता तो आता नोंदवा. एक बाजू म्हणते, नोंदला गेला असता तो 30 जणांचाच, चौघे जाणारच होते, म्हणून 60,000. दुसरी म्हणते, रद्द झाल्यावर कोण गेलं असतं हा प्रश्नच उरत नाही, 34 जणांचा हक्क काढून घेतला, म्हणून 84,000. मी स्वतः 34 धरायचो. पण दुसऱ्याला चूक म्हणणार नाही. जे धराल ते दर वेळी तसंच धरा आणि ऑडिटरशी आधी बोला.

देवगडकर · 8 मे 2026, संध्याकाळी 7.30

आणि आयकरात हा खर्च वजा मिळतो का? 4,12,000 आणि 1,52,000 वर कर वाचला तर साहेबांचं मन वळेल.

खातेवही · 8 मे 2026, रात्री 8.15

बायोकॉनच्या प्रकरणात बेंगळुरूच्या न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाने 2013 मध्ये कंपनीच्या बाजूने कौल दिला आणि 2020 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. तिथे मुद्दा होता बाजारभाव आणि भरायची किंमत यातल्या सवलतीचा. तुमचा 60 चा आकडा मॉडेलने काढलेला आहे, ती ग्रँटच्या दिवशीची 30 ची सवलत नाही. हा फरक करात कसा धरायचा ते तुमच्या कर सल्लागाराला विचारा, इथे फोरमवरून मी आकडा देणार नाही.

समुद्रगाज · 11 मे 2026, रात्री 10.05

आज साहेबांसमोर कागद ठेवला. रद्द केलं तर 60 किंवा 84 हजार एकदम, चालू ठेवलं तर वर्षाअखेरीस प्रत्यक्ष उरतील त्यांच्याप्रमाणे. 31 जण राहिले तर 1,86,000 वजा 1,20,000, म्हणजे 66,000. त्यांनी आकडे दोनदा बघितले आणि रद्द करायचा विषय सोडला. भरायची किंमत ₹80 करावी का, हे जूनच्या बोर्ड मीटिंगमध्ये बघणार आहेत. त्याआधी व्हॅल्युअरकडून दोन्ही अटींवरच्या किमती मागवायला सांगितलंय.

वेंगुर्लेकरीण, तुमच्या आईचा विषयही मी काढला. कंत्राटी बायकांपैकी दहा वर्षांहून जास्त काम केलेल्यांना कायम करायची यादी मागितली आहे. अजून फक्त यादीच आहे, म्हणून जास्त काही लिहीत नाही.

वेंगुर्लेकरीण · 11 मे 2026, रात्री 10.40

यादी झाली तर हयसर सांगा. आवशीक सांगतंय.

त्रैराशिक · 12 मे 2026, सकाळी 7.20

₹80 झाली तर जादा खर्चाचा हिशेब इथेच टाका ताई. 34 जणांचे पक्के झालेले भाग लगेच आणि तिसरा उरलेल्या महिन्यांत, असं मला कळलंय. पण ज्यांनी पहिला भाग आधीच ₹100 भरून वापरला, त्यांचं काय होणार ते बघायचंय.